आक्काचं अर्धा लिटर

“आधी मोठा आकडा,” पप्पा म्हणाले. “बारक्याच्या मागं लागायचं न्हाय. कंपनीत रिजेक्शनच्या, खराब मालाच्या मीटिंगला आम्ही तसंच करतो.” मग थांबून म्हणाले, “करत हुतो.”

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. रविवारची दुपार होती, तीन वाजले होते. सतरंजीवर मध्ये माझी जुनी जर्नलची वही होती, तिची कोरी पानं कामी येणार होती. पप्पा कपाटाला पाठ टेकून बसले होते. मम्मीच्या मांडीवर कुणाची तरी जांभळी साडी होती आणि ती फॉल लावत होती. जिनू, म्हणजे माझा धाकटा भाऊ जिनेंद्र, यंदा दहावीला, कॉटच्या कडेवर पाय हलवत होता. आक्का, पप्पांची आई, दारातल्या उजेडात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. चातुर्मास चालू होता. या दिवसांत ती प्रत्येक दाणा दोनदा बघायची, एखादा किडा चुकून शिजू नये म्हणून.

अकरा दिवसांपूर्वी पप्पांची नोकरी गेली होती.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या सँड लॅबमध्ये ते चोवीस वर्षं होते. साचे ज्या वाळूचे बनतात, त्या वाळूचा ओलावा, तिची ताकद, तिच्यातून हवा किती जाते, हे दर तासाला मोजायचं, हे त्यांचं काम. ओलावा थोडा जरी जास्त झाला तरी कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या लोखंडी भागात, भोकं पडतात. यंत्राच्या आधी पप्पा वाळू मुठीत दाबून बघायचे. मूठ उघडून गोळा मोडायचा, आणि मोडलेली कड कशी आहे ते पाहून आकडा सांगायचा. “तीन पॉइंट चार.” मग यंत्र लावायचं. मी बारावीत असताना एकदा त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हा यंत्राने तीन पॉइंट पाच दाखवलं होतं. पप्पा म्हणाले होते, “यंत्र बी चुकतं कवा कवा.”

या वर्षी कंपनीने वाळूच्या मिक्सरवरच बसणारं यंत्र घेतलं. ते दर मिनिटाला ओलावा पडद्यावर दाखवतं आणि पाणी स्वतःच कमी-जास्त करतं. लॅबमधल्या चौघांना ऑफिसात बोलावलं गेलं. राजीनामा स्वतःहून लिहून दिलात तर सगळा हिशेब महिन्याच्या आत मिळेल, असं सांगितलं. पप्पांनी लिहून दिला. त्यांचं अक्षर चांगलं आहे.

“ग्रॅच्युइटी किती, ते आधी लिही,” पप्पा म्हणाले.

शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून अठरा हजार दोनशे. त्याला पंधराने गुणायचं, सव्वीसने भागायचं, आणि आलेला आकडा नोकरीच्या वर्षांनी गुणायचा. साडेदहा हजार गुणिले चोवीस. दोन लाख बावन्न हजार.

“एवढंच?” मम्मीने सुई थांबवली. “पगार तर छत्तीस हजार हातात येत हुता की.”

“हातात येत हुता. बेसिक कमी आन् भत्ते जास्त. ओव्हरटाइम धरून छत्तीस. ग्रॅच्युइटी भत्ते बघत न्हाय.”

“म्हणजे एका वर्षाची किंमत साडेदहा हजार,” जिनू म्हणाला.

“जिनू, गप बस.”

“बरोबर बोलतोय त्यो,” पप्पा म्हणाले. “साडेधाच.”

पप्पांनी ठरवून ठेवलं होतं. वय एक्कावन्न. या वयात दुसरं काम लागायला एक वर्ष धरायचं. दोन लाख बावन्नमधले बारा हजार दुखण्याखुपण्याला बाजूला. उरलेल्या दोन लाख चाळीसचे बारा भाग, महिन्याला वीस हजार. मम्मीच्या फॉल-पिकोचे तीन हजार. एकूण तेवीस. त्याच्या वर एक रुपया जायचा नाही. मी पानाच्या वर २३,००० लिहिलं आणि त्याभोवती चौकोन काढला.

“आन् पीएफ?” मम्मी म्हणाली. “त्यो काढून कर्जात भरला तर हप्ताच ऱ्हाणार न्हाय. मोठा आकडा तर त्योच हाय.”

तिचं बरोबर होतं. घराचा हप्ता आठ हजार चारशे.

“सगळा एकदम मिळत न्हाय. तीन हिस्से आत्ता, चौथा मागनं. तीन हिश्शात कर्ज फिटत न्हाय. मग हप्ता बी ऱ्हायला आन् पीएफ बी गेला.” पप्पांनी हात झटकला. “बँकेत विचारून आलो. मुदत वाढवून हप्ता कमी करा म्हटलं. सायेब म्हणला, पगाराची स्लिप आणा. पगार असता तर तुझ्याकडं आलो असतो का बाबा?”

आक्का हसली. ती एकटीच हसली, आणि मग पप्पाही हसले.

“आन् आणि एक,” ते म्हणाले. “दोन गोष्टी ह्या लिस्टला लावायच्या न्हाईत. प्राचीचं एम.एस्सी. आन् आक्काचं दूध. त्या सोडून बोला.” प्राची म्हणजे मी.

जुना खर्च सगळा मांडला तर अडतीस हजार आठशे पन्नास आला. पान भरलं. मी शेजारी दुसरा रकाना ओढला.

काही गोष्टी लगेच गेल्या. पतसंस्थेतलं दोन हजारांचं आवर्ती खातं थांबवायचं. विम्याचा हप्ता चौदाशे. पॉलिसी एकोणीस वर्षं चालली होती, ती मोडायची नाही, पेड-अप करायची. म्हणजे यापुढे भरायचं काही नाही, भरलेल्या वर्षांच्या प्रमाणात रक्कम कमी होऊन ती जिवंत राहते. पप्पांच्या पेट्रोलचे चोवीसशेचे पाचशे, कारण शिरोलीला जायचंच नव्हतं. वायफाय आणि केबल बंद, चौघांच्या मोबाइलला सगळ्यात लहान रिचार्ज, सहाशे.

“माझा ऑनलाइन अभ्यास?” जिनू म्हणाला.

“कुठला अभ्यास? ते बंदूक घेऊन पळतोस त्यो?” मम्मी म्हणाली.

“क्लासचे अडीच हजार काढ,” मी म्हणाले. “गणित आणि विज्ञान मी घेतो ह्याचं.”

“तू मारतीस.”

“फुकटात आहे. मार पण फुकटात.”

वीज माझ्याकडे होती. महिन्याला एकशे साठ युनिटं जात होती. शंभर युनिटांपर्यंतचा दर वेगळा, त्यावरच्या प्रत्येक युनिटाला जवळजवळ दुप्पट. म्हणजे वरची साठ युनिटं आम्हाला सगळ्यात महाग पडत होती, आणि कमी करायची तीच होती. दोन किलोवॉटचा गिझर रोज अर्धा तास, म्हणजे रोज एक युनिट. गिझर बंद केला की तीस गेली. साडेचौदाशेचे सातशे होऊ शकत होते. मी हे समजावून सांगत असताना माझा आवाज वर्गात उत्तर देताना होतो तसा झाला असणार, कारण पप्पा माझ्याकडे कौतुकाने बघत होते. त्या दिवसात त्यांच्या चेहऱ्यावर मी तेवढंच एक बरं काही पाहिलं.

भिशीचे हजार कमी होईनात. मम्मीने मार्चमध्येच आपली भिशी उचलली होती, त्यातून फ्रीज आला होता. उचलणाऱ्याला मध्ये सोडता येत नाही, बाकीच्यांची पाळी बुडते. आक्काच्या गोळ्या आठशे पन्नासच्या. त्याच औषधाच्या जेनेरिक गोळ्या चारशेला मिळतील असं मी म्हणाले. किराण्यावरून मम्मी आणि पप्पांचं वाजलं. साडेसहा हजारांचे चार हजार सहाशे करा म्हणताच मम्मीने साडी बाजूला ठेवली.

“चार हजार सहाशेत काय काय बसतंय, तुम्ही दुकानात जाऊन दाखवा. तेलाचा डबा बघा. ह्येनला वाळू मोजायला येती, तूरडाळ मोजा म्हणावं.”

बोलून झाल्यावर तिचं तिलाच लागलं. तिने साडी परत ओढून घेतली. “लिही चार हजार सहाशे,” ती मला म्हणाली. “करतो मी कायतरी.”

दूध रोज दोन लिटर यायचं, म्हशीचं, सत्तर रुपये लिटर. जिनूचं अर्धा लिटर त्याने स्वतःच सोडलं, तोंड वाकडं करत, पण सोडलं. दही-ताक बंद. चहाला अर्धा आणि आक्काचं अर्धा, असं एक लिटर उरलं. महिन्याला एकवीसशे.

मी बेरीज केली. मग परत खालून वर केली. चोवीस हजार पन्नास.

“हजार पन्नास जास्त हायत,” पप्पा म्हणाले.

मम्मी वहीकडे बघत होती. तिची नजर कुठल्या ओळीवर होती ते मला दिसत होतं. माझी फी, केएमटी बसचा पास आणि प्रयोगशाळेचा खर्च मिळून महिन्याला अडीच हजार पडणार होते. विद्यापीठात रसायनशास्त्राला माझा नंबर लागला होता. फीचा पहिला हप्ता भरायची शेवटची तारीख पुढचा शनिवार होती.

“मी एक वर्ष थांबतो,” मी म्हणाले. “कुठल्यातरी शाळेत लॅबमध्ये काम बघतो. पुढच्या वर्षी—”

“लिस्टला लावायचं न्हाय म्हटलंय न्हवं?” पप्पांचा आवाज चढला.

“मग हजार पन्नास आणायचे कुठनं, पप्पा?”

वहीतला माझा रकाना ते वरून खाली वाचत राहिले, एखाद्या खराब निघालेल्या कास्टिंगकडे बघावं तसे.

“किती म्हणलीस?” दारातून आक्काने विचारलं.

“हजार पन्नास, आक्का.”

“हां,” ती म्हणाली, आणि सूप पाखडू लागली.

आक्काला वाचता येत नाही. पण तिने पेठ वडगावजवळच्या आमच्या गावी पस्तीस वर्षं म्हशी सांभाळल्या. डेअरीच्या माणसाला तिने कधी चार आण्याने चुकू दिलं नाही. अर्धा लिटर, पस्तीस रुपये, तीस दिवस. हा हिशेब तिने माझ्याही आधी केला असणार. मी तो बेरीज लिहितानाच केला होता आणि मनातच ठेवला होता.

पाच वाजता पिराजी गवळी आला. त्याने आरोळी दिली तशी आक्का उठली. हे रोजचं होतं. दूध ती स्वतः पातेल्यात घ्यायची आणि तापवायला ठेवायच्या आधी पातेलं नाकाशी न्यायची.

“आज सरकी जास्त घातलीस रं पिराजी. ओली वैरण कमी हाय.”

“तुमच्या नाकाला मीटर बसवायला पायजे बघा, आक्का,” पिराजी म्हणाला. “वैरणीची गाडीच आली न्हाय काल.”

मग दूध तापायचं, आणि दिवस मावळायच्या आत ती आपला स्टीलचा पेला भरून घेऊन दारात बसायची. सूर्यास्तानंतर ती पाणीसुद्धा घेत नसे. साखर घालत नसे. सकाळी एक भाकरी, दुपारी थोडा भात-आमटी, आणि हा पेला. दूध पिताना ती कुणाशी बोलायची नाही. आमच्या घरात आक्काला काही हवं असलेलं मी एवढंच पाहिलं आहे.

त्या संध्याकाळी तिने पेला नेहमीपेक्षा सावकाश संपवला. नंतर मी तिच्या पायांना तेल लावत होते.

“पोरी, तुझ्या बाला काम लागायला किती दिस लागतील?”

“सांगता येत न्हाय, आक्का.”

“अंदाज तर असंल की. तू शिकलेली हायस.”

“अंदाजाला काहीतरी आधार लागतो. एवढी माणसं एकदम कमी झालीत, सगळीकडं तीच यंत्रं येत्यात. महिन्यात पण लागंल, वर्षात पण लागंल.”

“वर्साच्या वर बी?”

“वर पण जाईल. कोण सांगणार?”

“व्हय,” ती म्हणाली. “खरं हाय ते.” आणि पाय आखडून घेतले.

बुधवारी सकाळी तिने मला बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, न्यायला सांगितलं. चातुर्मासासाठी एक मुनिमहाराज तिथे उतरले होते. मी तिला स्कूटीवरून नेलं. आत गर्दी होती, आणि मला विद्यापीठात कागदपत्रं दाखवायला जायचं होतं, म्हणून मी बाहेर गाडीजवळच थांबले. दारातून आक्का दिसत होती. बायकांच्या रांगेत, हातात श्रीफळ, पदर डोक्यावर. तिची पाळी आली. तिने श्रीफळ ठेवलं, हात जोडले. महाराजांनी काहीतरी विचारलं. आक्काने लगेच उत्तर दिलं नाही. मग तिने मान वर करून काहीतरी सांगितलं, महाराजांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला, आणि ती बाहेर आली.

“दूध सोडलं,” गाडीवर बसताना ती म्हणाली.

चातुर्मासात असे नियम सगळेच घेतात. कुणी मीठ सोडतं, कुणी तूप, कुणी गूळ. चार महिने पाळतात, दिवाळीला सोडतात. मी काही विचारलं नाही. आरशात तिचा चेहरा दिसत होता, तो शांत होता.

पप्पा मात्र भडकले.

“मुद्दाम केलंस न्हवं हे? रविवारी हिशेब झाला आन् बुधवारी नियम?”

“देवाच्या दारात मुद्दाम काय आन् चुकून काय.”

“मी म्हणलं हुतं तुझं दूध लिस्टला लावायचं न्हाय म्हणून!”

“तू कुटं लावलंस? मी सोडलं. आन् आता तोंडातनं गेलंय, धनू. नियमाच्या आड यिऊ नगं.”

यावर आमच्या घरात कुणाला काही बोलता येत नाही. पप्पा चप्पल घालून बाहेर गेले आणि तासाभराने परत आले. मम्मीने वही काढून माझ्यापुढे ठेवली. मी दुधाचे एकवीसशे खोडून एक हजार पन्नास लिहिले. बेरीज बरोबर तेवीस हजार आली. एक रुपया इकडे नाही, तिकडे नाही.

शनिवारी मी फी भरली.

मी आणखी काही करू शकले असते का, याचा विचार मी नंतर पुष्कळ केला. त्या दिवशी केला नाही. त्या दिवशी मी पावती नीट घडी करून पाकिटात ठेवली आणि प्रयोगशाळेच्या वेळापत्रकाचा फोटो काढला.

महिने ठरवल्यासारखे गेले, म्हणजे वहीत तसे दिसतात. ऑगस्टमध्ये शहाण्णव युनिटं, सप्टेंबरमध्ये ब्याण्णव. मम्मीने ओळखीतल्या दोन लग्नांना आहेर पाठवला नाही आणि मग त्या घरांसमोरून जायचंही टाळू लागली. जिनूला मी खरंच दोनदा मारलं. पप्पा रोज सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे, दुपारी यायचे. गोकुळ शिरगाव, कागल, परत शिरोली. कुठेतरी त्यांना वय विचारायचे, कुठेतरी संगणकावर रिपोर्ट काढता येतो का विचारायचे. एकदा जिनूने त्यांना बसवून रिपोर्टचे तक्ते कसे करायचे ते शिकवलं. पप्पा वहीत पायऱ्या लिहून घेत होते आणि जिनूला “सर” म्हणत होते. जिनू लाजून लाल झाला होता.

पिराजी आता अर्धा लिटर घालायचा. आक्का दूध अजूनही स्वतः घ्यायची, पातेलं नाकाशी न्यायची, वैरणीबद्दल त्याला दोन शब्द सुनवायची. मग चहापुरतं ठेवून द्यायची आणि दारात जाऊन बसायची. पेला नसायचा. स्वतःसाठी कोरा चहा करून घ्यायची, तोही दिवस मावळायच्या आत.

दिवाळी आली, चातुर्मास संपला. तिचा नियम सुटला की नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण घरात जास्तीचं दूधच नव्हतं. मम्मीने एकदा विचारलं, “आत्ती, चहात दूध घालू का आता?” आक्का म्हणाली, “ऱ्हाऊ दे गं. कोऱ्याची सवय लागली.” आम्हाला ते पटलं. ते पटण्यात सगळ्यांची सोय होती.

एक डिसेंबरला पप्पांना काम लागलं. शिरोलीतच, एका लहान फाउंड्रीत, तपासणी विभागात. साडेएकोणीस हजार. तिथे मिक्सरवर यंत्र नव्हतं. मालकाने मुलाखतीत त्यांच्या हातात वाळू दिली होती, असं ते म्हणाले. आकडा बरोबर आला का, ते मी विचारलं नाही. लागलं म्हणजे आलाच असणार.

जानेवारीत पहिला पगार झाला. रविवारी दुपारी आम्ही परत सतरंजीवर बसलो. ग्रॅच्युइटीतले एक लाख बावन्न हजार शिल्लक होते. खर्च तेवीस हजारच ठेवला तर यापुढे महिन्याला पाचशे रुपयेच त्यातून घ्यावे लागणार होते. पप्पांनी पेन माझ्या हातातून घेतलं आणि दुधाच्या ओळीवर स्वतः लिहिलं. एक लिटर.

मग ते उठले, स्टीलची बरणी घेतली आणि गाडी काढून गंगावेशीत गेले. तिथे कट्ट्यावर म्हशी आणून समोर धार काढून देतात. पाच वाजायच्या सुमारास ते परत आले. बरणीचं झाकण उघडलं तेव्हा फेस अजून बसला नव्हता. त्यांनी फडताळातून आक्काचा पेला शोधून काढला, धुतला, पदराने पुसावा तसा स्वतःच्या शर्टाने पुसला आणि काठोकाठ भरला.

आक्का दारात होती. ऊन अजून उंबऱ्यावर होतं.

“आक्का, घे. अजून दिवस हाय.”

तिने पेल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “माझा नियम हाय की रं, लेकरा.”

“चातुर्मास संपून दोन म्हैनं झालं!”

“चातुर्मासाचा न्हवता.”

“मग?”

“जल्माचा हाय.”

पप्पा पेला धरून उभे होते. फेसाचा एक ओघळ त्यांच्या बोटांवरून मनगटाकडे गेला.

“जल्माचा कशाला घेतलास?” ते म्हणाले. आवाज फार लहान निघाला. “चार म्हैन्यांचा घ्यायचा. वर्साचा घ्यायचा.”

“महाराजांनी इचारलं किती दिस,” आक्का म्हणाली. “मला ठावं न्हवतं. ह्या पोरीला रविवारी सांजचंच इचारलेलं. ती म्हणली सांगता येत न्हाय, वर्साच्या वर बी जाईल. मग कमी सांगून मधीच संपला असता तर? तू परत पेला घिऊन उभा ऱ्हायला असतास, खिशात पैसं नसताना.” तिने पदराने तोंड पुसलं. “म्हणून जल्माचा म्हणलं. मोकळं झालं.”

माझ्या हातात वही होती. मी प्रयोगशाळेत रोज लिहिते की निष्कर्षाला पुरेशी निरीक्षणं नाहीत. ते लिहिणं बरोबरच असतं. त्या संध्याकाळी तिच्या पायांना तेल लावताना मी नुसतं ‘चार महिने’ म्हणाले असते, तर ते चूक ठरलं नसतं. मोजून बरोबर चार महिन्यांनी त्यांना काम लागलं होतं.

“महाराजांकडं जाऊन येऊ,” पप्पा म्हणाले. “सांगू त्यांना. अशी अशी अडचण हुती म्हणून—”

“अडचण हुती म्हणूनच घेतला, धनू. अडचण गेली म्हणून मोडायचा? मग त्यो नियम कसला, उसनवारी झाली ती.”

मम्मी स्वयंपाकघराच्या दारात आली होती. जिनूने पाय हलवायचे थांबवले होते.

आक्काने हात पुढे केला. “आण हिकडं.”

पप्पांनी पेला दिला. तिने तो दोन्ही हातांत धरला. तोंडाकडे नेला, आणि वरच्या ओठापासून दोन बोटांवर थांबवला. डोळे मिटले. ती वास घेत होती. किती वेळ, ते मी मोजलं नाही.

“ओला मका,” ती म्हणाली. “सरकी बेतानं. जाफराबादी न्हवं, मुऱ्हा म्हस हाय. दुसऱ्या वेताची असंल.” डोळे उघडून तिने पेला परत त्यांच्याकडे केला. “चांगलं हाय. पी तू.”

पप्पांनी उभ्याउभ्याच प्यायला सुरुवात केली. अर्ध्यावर त्यांना थांबावं लागलं. मग उरलेला पेला त्यांनी जिनूला दिला.

आता आमच्याकडे रोज एक लिटर येतं. पप्पा कामावरून साडेपाचपर्यंत येतात. हातपाय धुतात, नखांतली काळी वाळू ब्रशने काढतात आणि पिराजीने घातलेलं दूध पेल्यात ओतून दारात नेतात. आक्का पेला नाकाशी धरते आणि म्हशीने काय खाल्लं ते सांगते. कधी कडबा, कधी उसाचं वाडं, कधी नुसतीच पेंड. पप्पा ते ऐकून घेतात. मग पेला आत येतो, आणि दिवस मावळेपर्यंत ते दोघं तिथेच बसतात, समोर दोन कप कोरा चहा घेऊन.